आधी कार्ड, मग कॅमेरा

क्विलिंगच्या व्हिडिओतली सगळ्यात महत्त्वाची घटना अर्ध्या सेकंदात उरकते. कागदाच्या पट्टीची घट्ट सुरळी सुईवरून काढून टेबलावर ठेवली की ती आपोआप सैल होते, थोडी फिरते, फुलते आणि थांबते. ती कितपत फुलल्यावर थांबली, त्यावर पुढे होणाऱ्या पाकळीचा आकार ठरतो. नवशिक्याची सुरळी बिघडते ती इथेच, आणि बहुतेक व्हिडिओंमध्ये नेमक्या याच क्षणी कॅमेऱ्यासमोर करणारीचा अंगठा आडवा आलेला असतो. बघणाऱ्याला आधी घट्ट सुरळी दिसते, मग एकदम तयार पाकळी दिसते. मधलं जे शिकायचं होतं, ते राहूनच जातं.

हा दोष हाताचा नाही, स्क्रिप्टचा आहे. कला येणारे बरेच जण फोन स्टँडला लावतात, रेकॉर्डिंग सुरू करतात आणि करत जाता जाता बोलतात. स्वयंपाकाच्या व्हिडिओत हे खपून जातं, कारण कढई मोठी असते. क्विलिंगमध्ये सगळा खेळ पाच मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर चालतो. कुठे जवळून दाखवायचं, कुठे नुसतं सांगायचं आणि कुठे दोन्ही करायचं हे आधी कागदावर ठरलेलं नसेल, तर हात सराईत असूनही धडा कच्चा राहतो.

ज्यांनी ही कला जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रंगीत कागदाच्या अरुंद, लांब पट्ट्या घ्यायच्या, सुईभोवती गुंडाळायच्या, सैल सोडायच्या, चिमटून आकार द्यायचे आणि ते आकार उभ्या कडेवर चिकटवून नक्षी उभी करायची. बाजारात पट्ट्या साधारण ३, ५, ७ आणि १० मिलिमीटर रुंदीच्या मिळतात. महाराष्ट्रात ही कला गेल्या काही वर्षांत रुखवतातल्या वस्तू, राख्या, कानातले आणि शाळेतल्या सुट्टीच्या शिबिरांमधून घरोघरी पोचली. मूळ मात्र युरोपातलं आणि बरंच जुनं आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरांतल्या स्त्रिया चहाच्या पेट्यांवर असं कागदी जाळीकाम करत. जेन ऑस्टिनच्या १८११ सालच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या कादंबरीत तर एका लहान मुलीसाठी अशी टोपली बनवण्याचा प्रसंगच आहे. नायिका एलिनोर कागद गुंडाळायला मदत करू का म्हणून पुढे होते, ती टोपलीच्या प्रेमापोटी नव्हे. लूसीशी कुणाच्या कानावर न जाता बोलायला तिला निमित्त हवं असतं. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, ही या कामाची खासियत ऑस्टिनने अचूक हेरली होती. आजच्या व्हिडिओतली निवेदिकाही तेच करत असते, फक्त तिचं बोलणं चोरून नसतं.

स्क्रिप्ट लिहायची तर ती उलट्या दिशेने लिहावी लागते. आधी कार्ड पूर्ण करायचं, मग त्याचे सुटे भाग मोजायचे, त्यावरून सामानाची यादी काढायची, यादीवरून दृश्यं ठरवायची आणि बोलणं सगळ्यात शेवटी लिहायचं. दिवाळीच्या एका शुभेच्छापत्राचं उदाहरण घेऊन हे पाहता येईल. गडद निळ्या जाड कागदाचं घडीचं कार्ड, त्यावर ज्योतीसह पणती, पणतीखाली सहा पाकळ्यांचं रांगोळीतलं वाटावं असं फूल आणि फुलाभोवती आठ ठिपके. नवव्या ठिपक्याची जागा फुलाच्या मधोमध.

आता हिशेब. पणतीच्या बुडासाठी ३० सेंटिमीटरच्या चार विटकरी पट्ट्या टोकाला टोक जोडून एकच १२० सेंटिमीटरची पट्टी करायची. ज्योतीसाठी एक पिवळी आणि एक केशरी पट्टी जोडायची. पाकळ्यांसाठी तीन गुलाबी पट्ट्या, प्रत्येकीचे दोन सारखे तुकडे. ठिपक्यांसाठी तीन पिवळ्या पट्ट्या, प्रत्येकीचे तीन तुकडे. एकूण पट्ट्या बारा. एका पाकिटाच्या मानाने हे काहीच नाही, आणि यादीत ते स्पष्ट सांगितलं तर बघणारा उगाच चार पाकिटं घेऊन येत नाही.

यादीत नेहमी गाळली जाणारी गोष्ट म्हणजे पट्टीची लांबी. ‘पाच मिलिमीटरच्या पट्ट्या’ एवढंच सांगितलं तर भागत नाही, कारण पाकिटागणिक लांबी बदलते. कुठे ती ३० सेंटिमीटरच्या आसपास असते, कुठे ४५ च्या. पंचेचाळीसच्या अर्ध्या तुकड्याची पाकळी तिसाच्या अर्ध्या तुकड्यापेक्षा ठसठशीत होते, मग सहा पाकळ्या मिळून फूल पणतीला जाऊन टेकतं आणि करणाऱ्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून यादी पट्ट्यांच्या संख्येत न देता सेंटिमीटरमध्ये द्यावी.

बाकीचं सामान थोडं आहे. घडी घातल्यावर साधारण १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरचं होईल असं ३०० जीएसएमचं कार्ड, म्हणजे ए-फाइव्ह आकाराचा कागद मधोमध दुमडून. टोकाला फट असलेली क्विलिंगची सुई. पांढरा फेविकॉल आणि तो लावायला टूथपिक. बारीक टोकाचा चिमटा. सुरळीचं माप ठरवायला वर्तुळांचा साचा, आणि पणतीच्या मोठ्या सुरळीसाठी पाण्याच्या बाटलीचं झाकण. झाकणाचा आतला व्यास २८ मिलिमीटरच्या जवळपास असतो आणि १२० सेंटिमीटरची सुरळी त्यात नीट फुलून बसते. शिवाय एक ओलसर फडकं, कारण बोटांना लागलेला फेविकॉल वाळून पापुद्र्यासारखा निघायला लागला की क्लोजअपमध्ये फार वाईट दिसतो.

सामान दाखवायची पद्धतही ठरवून घ्यावी. सगळं एकदम टेबलावर मांडून वरून एक फोटो दाखवला की बघणारा नावं ऐकत राहतो आणि वस्तू शोधत राहतो. त्यापेक्षा निळं कार्ड आधीच मांडलेलं असावं आणि नाव घेतलं जाईल तशी एकेक वस्तू हाताने आत आणून ठेवावी. पट्टीशेजारी फूटपट्टी ठेवली की रुंदी आणि लांबी दोन्ही वेगळं न सांगता कळतात.

क्लोजअप किती हवेत? मोह असा होतो की सगळंच जवळून दाखवावं. तसं केलं की बघणाऱ्याला हात कुठे आहेत, सुई कुठल्या दिशेला फिरतेय, याचा अंदाजच राहत नाही. या कार्डासाठी चार क्लोजअप पुरतात, आणि ते निवडायचा निकष एकच: जिथे हाताला निर्णय घ्यावा लागतो तिथे कॅमेरा जवळ न्यायचा.

पहिला क्लोजअप सुईच्या फटीचा. पट्टीचं टोक फटीत जेमतेम बसायला हवं, पलीकडून बाहेर डोकावता कामा नये. डोकावलं तर सुरळीच्या मधोमध कागदाचा दुमडलेला आकडा राहतो. हाताने बघताना तो जाणवतही नाही, पण स्क्रीनवर सगळ्यात आधी नजर तिथेच जाते. पणतीच्या ठिपक्यांसाठी तर हा आकडा चालतच नाही, कारण ठिपका घट्टच राहणार असतो आणि त्याचा मधला भाग उघडा दिसतो. तिथे फट नसलेल्या बारीक सुईभोवती किंवा टूथपिकभोवती पट्टी गुंडाळली तर मध्यभागी स्वच्छ गोल छिद्र राहतं. बोटांना हे जास्त अवघड जातं, पट्टी सुरुवातीला निसटते, आणि निवेदनात ते कबूल केलेलं बरं.

दुसरा क्लोजअप सुरळी सोडण्याचा, ज्याची गोष्ट सुरुवातीला निघाली. सुई सरळ वर खेचली तर सुरळीचा मधला भाग तिच्याबरोबर वर येतो आणि शंकू होतो. म्हणून सुई आधी किंचित उलटी फिरवायची, मग काढायची. सुरळी वर्तुळाच्या साच्यात ठेवायची आणि बोट हळूच उचलायचं. पाकळीसाठी १० मिलिमीटरचं वर्तुळ, ज्योतीसाठी १८. इथे कॅमेरा वरून नको, थोडा तिरका आणि उजव्या हाताने काम करणाऱ्यांच्या डाव्या बाजूने हवा, म्हणजे अंगठा वाटेत येत नाही. हा शॉट खऱ्या वेगाने ठेवावा. संपूर्ण व्हिडिओत निदान एक सुरळी पहिल्या वेढ्यापासून सुटेपर्यंत न कापता, वेग न वाढवता दाखवायला हवी. उरलेल्या पाच पाकळ्या मग भराभर पळवल्या तरी चालतात.

तिसरा क्लोजअप फेविकॉलचा. सुरळीचं शेवटचं टोक चिकटवायला खसखशीच्या दाण्याएवढा थेंब पुरतो. त्याहून जास्त लावला तर तो दोन थरांच्या फटीत शिरतो, वाळल्यावर पारदर्शक होतो पण चकाकतो, आणि आतले वेढे एकमेकांना चिकटल्यामुळे सुरळी पुढे चिमटताना एका बाजूने ताठ राहते. शब्दांत ‘थोडासा’ म्हटल्याने काहीच कळत नाही. टूथपिकच्या टोकावरचा थेंब पट्टीच्या रुंदीशेजारी दाखवला की वेगळं सांगावं लागत नाही. आणखी एक बारीक गोष्ट याच शॉटमध्ये बसते. पट्टी कात्रीने कापलेली असेल तर सुरळीवर तिच्या टोकाची सरळ रेघ उठून दिसते. तेच टोक हाताने फाडलं तर त्याचे तंतू खालच्या थरात मिसळतात आणि जोड जवळजवळ दिसेनासा होतो.

चौथा चिमटण्याचा. ज्योतीसाठी सुरळीतले वेढे आधी चिमट्याने एका बाजूला सारायचे, मग समोरची बाजू दोन बोटांत धरून टोक काढायचं. टोक नेमकं जोडावर काढलं तर जोड त्यात लपतो. पाकळीला दोन्ही बाजूंनी टोक द्यायचं, म्हणजे डोळ्याचा आकार होतो. पणतीची मोठी सुरळी एका बाजूने टेबलाच्या कडेवर दाबून सपाट करायची आणि सपाट बाजूची दोन्ही टोकं चिमटायची. अर्धगोल तयार होतो, सपाट बाजू वर.

ज्योतीत एक गंमत आहे आणि ती स्क्रिप्टमध्ये सुटली तर बघणारे हमखास फसतात. गुंडाळणं पिवळ्या टोकापासून सुरू केलं तर पिवळा आत आणि केशरी बाहेर राहतो, म्हणजे ज्योत खऱ्यासारखी दिसते. केशरी टोकापासून सुरू केलं की रंग उलटे होतात. करणारी हे रोजच्या सवयीने बरोबर करते, म्हणून तिला सांगायचं सुचत नाही.

अशा जागांसाठी स्क्रिप्ट दोन रकान्यांत लिहिणं सोयीचं पडतं: एकात दिसणारं, दुसऱ्यात ऐकू येणारं. ज्योतीचा भाग असा उतरतो:

दृश्य: मध्यम अंतर, वरून. जोडलेली पट्टी आडवी ठेवलेली, पिवळं टोक उजवीकडे.
निवेदन: पट्टी वाळली आहे का बघून घ्या. जोड ओला असेल तर गुंडाळताना सुटतो.

दृश्य: क्लोजअप. पिवळं टोक फटीत जातं.
निवेदन: सुरुवात पिवळ्या टोकापासून करायची. जो रंग आधी गुंडाळाल तो आत राहतो.

दृश्य: मध्यम. सुरळी पूर्ण होईपर्यंत, वेग वाढवलेला.
निवेदन: नाही. फक्त संगीत.

दृश्य: तिरका क्लोजअप. १८ मिलिमीटरच्या वर्तुळात सुरळी सुटते.
निवेदन: सुई थोडी उलटी फिरवून काढा. आता बोट उचला आणि बघा.

तिसऱ्या ओळीतला ‘नाही’ मुद्दाम लिहिलेला आहे. सुरळी गोल गोल फिरत असताना दर वेढ्याला ‘गुंडाळत राहायचं, गुंडाळत राहायचं’ म्हणणं हा या व्हिडिओंचा जुनाट आजार आहे. जे दिसतंय ते सांगायची गरज नसते. जे दिसू शकत नाही ते मात्र शब्दांतच सांगावं लागतं, आणि क्विलिंगमध्ये ती गोष्ट म्हणजे ताण. पट्टी किती ओढून धरायची हे कुठलाही कॅमेरा दाखवू शकत नाही. सुरळीचे वेढे मधेच ढिले, मधेच घट्ट झाले तर सोडल्यावर ती एका बाजूला फुगते. तेव्हा निवेदनात खूण सांगायची: पट्टी सुईपर्यंत सरळ रेषेत राहिली पाहिजे, तिला झोल पडता कामा नये, पण सुई वाकेल इतकीही ओढू नये.

चित्रीकरणाच्या काही अडचणी या विषयाच्याच आहेत. पट्ट्या इतक्या हलक्या की पंखा चालू असला तर त्या टेबलावर राहत नाहीत, आणि पंखा बंद ठेवला तर बोटांना घाम येतो. घामाने आणि पावसाळी हवेने कागद मऊ पडतो, त्याची उसळी कमी होते, सुरळी सोडल्यावर हवी तितकी फुलत नाही. दिवाळीचा व्हिडिओ दिवाळीआधी टाकायचा म्हणजे तो भाद्रपदातच शूट होणार, तेव्हा पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून लागतील तशा काढलेल्या बऱ्या. बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवायच्या. त्या चमकतात हे एक कारण, आणि कार्डावर हात फिरताना बांगडी पाकळीला अडकते हे दुसरं.

उजेडाचं गणित जरा वेगळं आहे. क्विलिंगची नक्षी कागदाच्या उभ्या कडांनी बनते, त्यामुळे समोरून लख्ख उजेड पाडला की सावल्या पुसल्या जातात आणि पाच मिलिमीटर उंचीचं काम छापील चित्रासारखं सपाट दिसतं. उजेड एका बाजूने, खालच्या कोनातून यायला हवा. खिडकी डावीकडे ठेवून उजवीकडे पांढरा कार्डशीट उभा केला की सावली राहते पण काळी पडत नाही. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली शूट करायचं तर व्हिडिओत लाटा दिसू शकतात, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. फोनमध्ये हाताने शटर ठेवता येत असेल तर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावं, म्हणजे लाटा जातात.

निळ्या कार्डाचा एक तोटा इथेच कळतो. पडदाभर गडद रंग दिसला की फोन आपणहून चित्र उजळ करतो आणि पिवळी ज्योत पांढरट होऊन जाते. पडद्यावर पिवळ्या पट्टीवर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस दोन्ही तिथेच अडकवून ठेवायचे. नाहीतर हात आत-बाहेर झाला की चित्र पुन्हा पुन्हा धूसर होतं. क्लोजअपसाठी फोन फार जवळ नेला तरी हाच त्रास होतो. प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असतं, त्याच्या आत फोकस बसतच नाही. थोडं लांब राहून दुप्पट झूम करणं जास्त सुरक्षित.

शेवटी तयार कार्ड दाखवायचं. त्याआधीचा पेच वेळेचा आहे. सगळे भाग कार्डावर चिकटवल्यावर फेविकॉल वाळायला वेळ लागतो आणि ओलं असताना कार्ड उभं केलं की पणती हळूहळू खाली सरकते. म्हणून जाणते लोक दोन कार्डं करतात: एक कॅमेऱ्यासमोर, दुसरं आदल्या दिवशी. दोन्हीत रंग आणि पाकळ्यांची दिशा हुबेहूब असावी लागते, नाहीतर बघणाऱ्यांतला एखादा चाणाक्ष मुलगा ‘हे कार्ड वेगळं आहे’ असं लिहिल्याशिवाय राहत नाही. मांडणीचा क्रमही ठरलेला: आधी न चिकटवता सगळं मांडून बघायचं, मग पणती, तिच्यावर ज्योत, मग फुलाच्या मधला ठिपका, त्याच्याभोवती पाकळ्या आणि शेवटी बाहेरचे ठिपके. मधला ठिपका आधी बसवला की पाकळ्यांना टेकायला आधार मिळतो आणि फूल वाकडं होत नाही.

तयार कार्डाच्या दृश्यात बहुतेक जण कार्ड हातात धरून कॅमेऱ्यासमोर नाचवतात. त्यात कामाची उंची दिसत नाही, नुसता रंग दिसतो. त्याऐवजी कार्ड टेबलावर तिरकं उभं करावं, कॅमेरा स्थिर ठेवावा आणि हातातला छोटा दिवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सावकाश न्यावा. ज्योतीची सावली पणतीवर सरकताना दिसते आणि प्रत्येक वेढा वेगळा कळतो. पाच-सहा सेकंद पुरतात. त्यानंतर एक सरळ, वरून घेतलेला शॉट हवाच, शेजारी फूटपट्टी ठेवून, कारण घरी बनवणारे थांबवून थांबवून बघतात ते हेच दृश्य. बुडाची रुंदी ३४ मिलिमीटरच्या आसपास येते, पाकळीची लांबी १४ च्या. आपलं काम कुठे मोठं किंवा लहान झालं, ते त्यावरून ताडता येतं.

एक सूचना या दृश्यावरच द्यायला हवी. पाच मिलिमीटर उंचीचं कार्ड साध्या लिफाफ्यात घालून टपालात टाकलं तर पोचेपर्यंत पाकळ्या चपट्या होतात. पाठवायचं असेल तर तीन मिलिमीटरच्या पट्ट्या घेऊन हेच कार्ड करता येतं, लांबीचा सगळा हिशेब तोच राहतो. किंवा पाच मिलिमीटरचंच ठेवून कार्डाच्या चारही कडांना जाड पुठ्ठ्याच्या पट्टीची सहा मिलिमीटर उंच चौकट चिकटवायची, म्हणजे लिफाफ्याचा दाब चौकटीवर येतो, नक्षीवर नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अठराव्या शतकातल्या चहाच्या पेट्या आहेत, त्यांच्यावरही हे कागदी काम असंच चौकटीच्या आत, थोडं खोलगट बसवलेलं आहे.